बागेचा सौदा: आपली अडचण व्यापाऱ्याला सांगावी की झाकून ठेवावी?

मणेराजुरी_बाग
दोन एकर सोनाका द्राक्षबाग आहे, साखर भरलीय, पुढच्या आठवड्यात तोडणीला येईल. व्यापारी बाग बघून गेला, चार किलोला १६५ म्हणतोय. मी १९० सांगितलेत. खरं सांगायचं तर माझी अडचण दराची कमी आणि दुसऱ्या दोन गोष्टींची जास्त आहे. मार्चअखेर सोसायटी भरायला तीन लाख हातात पाहिजेत, आणि अवकाळीची धास्ती आहे. हे त्याला सांगितलं तर दोघांना जमेल असा काही मार्ग निघेल असं मला वाटतं. वडील म्हणतात, एक अक्षर बोलू नकोस, दर पाडेल. कोणाचं बरोबर?

जुना_खरेदीदार
वडिलांचं. मी बरीच वर्षं बाहेरच्या व्यापाऱ्यांना तासगाव-मिरज भागातल्या बागा ठरवून दिल्यात. बागेत शिरल्यावर आम्ही घड नंतर बघायचो, आधी मालकाची घाई बघायचो. शेजारची बाग तुटली का, मागचा व्यापारी का सोडून गेला, घरात लग्न आहे का. "मार्चअखेर" हा शब्द कानावर पडला की दर खाली यायचा, आणि तोही लगेच नाही. दोन दिवस फोनच करायचा नाही, मग मालकाचाच फोन येतो. मागितलेला दर उद्या बदलता येतो. सांगितलेली अडचण परत घेता येत नाही.

पलूसची_माती
दादा, मी उलट सांगेन. सगळं मोकळं बोला. तुम्ही मोकळे झालात की तोही होतो. त्याला माल पाहिजे, तुम्हाला पैसे. झाकाझाकीने दोघांचं नुकसान होतं. आम्ही दरवर्षी एकाच व्यापाऱ्याला देतो, लपवण्यासारखं काही राहिलेलंच नाही.

जुना_खरेदीदार
@पलूसची_माती तुमचा व्यापारी दरवर्षी परत येतो म्हणून ते चालतं. एका वर्षी तुमचा दर पाडला तर पुढच्या वर्षी बाग जाते, ही भीती त्याला आहे. यांच्याकडे आलेला माणूस पुढच्या वर्षी या जिल्ह्यात असेल की नाही, कोण सांगणार?

सावळज_शिवार
आमच्याकडे परवा १८५ ने गेली, तीही सोनाकाच. १६५ ला अजिबात देऊ नका.

मणेराजुरी_बाग
@सावळज_शिवार धन्यवाद, पण दर किती आहे हा माझा प्रश्न नाही. आणि त्या १८५ चे पैसे कधी मिळणार आहेत, तेही सांगा.

सावळज_शिवार
वीस दिवसांनी म्हणालाय.

विश्रामबागकर
मी आधी खरेदी खात्यात होते, आता हाच विषय शिकवते, म्हणून सविस्तर लिहिते. तुमच्या मनातलं आणि वडिलांच्या मनातलं, दोन्ही खरं आहे. वाटाघाटींचे अभ्यासक डेव्हिड लॅक्स आणि जेम्स सेबेनियस यांनी १९८६ मध्ये हाच पेच मांडला. एकट्याने पाहिलं तर माहिती झाकणंच सुरक्षित. पण दोघांनीही झाकली की जो सौदा दोघांना जास्त देऊन गेला असता, तो कोणाला दिसतच नाही. आणि एकाने उघड केली, दुसऱ्याने झाकली, तर उघड करणारा मार खातो. म्हणून "सांगू की नको" असं एकदम विचारू नका. कोणती गोष्ट सांगायची, ते विचारा.

तुमच्याकडे दोन प्रकारची माहिती आहे. तुम्हाला कशाचं महत्त्व जास्त आणि कशाचं कमी, हा एक प्रकार. किती खाली आलात तरी चालेल आणि कुठल्या तारखेपर्यंत थांबू शकता, हा दुसरा. पहिली सांगितल्याशिवाय वाढीव फायदा निघत नाही. दुसरी सांगितली की तो फायदा समोरचा एकटा नेतो. "मला दरापेक्षा पैशाची तारीख महत्त्वाची आहे" हे बोला. "३१ मार्चला तीन लाख भरायचेत" हे बोलू नका.

सौदा मोडला तर तुमच्या हातात काय उरतं, ते आधी काढा. आपल्याकडे हा हिशोब सोपा आहे. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, आणि दरही चार किलोचाच बोलला जातो. समजा बेदाण्याला २०० धरले आणि शेड, डिपिंग ऑइल, मजुरी, प्रतवारी मिळून किलोला ४० गेले, तर उरले १६०. म्हणजे १६५ च्या जवळपासच. हा आकडा व्यापाऱ्याला तुमच्यापेक्षा चांगला माहीत असतो, तो झाकण्यात अर्थ नाही. त्याला माहीत नसतं ते हे की तुमचं शेड ठरलंय की नाही. आज जाऊन शेड बोलून ठेवा. बेदाण्यावर शेतमाल तारण कर्ज मिळतं, त्याचीही बाजार समितीत चौकशी करा. मार्चअखेरीला दुसरी वाट तयार झाली की झाकण्यासारखी अडचणच लहान होते.

मग एक दर सांगण्याऐवजी दोन प्रस्ताव एकाच वेळी ठेवा. दोन एकरांत १८ टन धरू, म्हणजे चार किलोचे ४,५०० हिस्से.

पहिला प्रस्ताव: पूर्ण बाग आठ दिवसांत तोडा, तोडणीच्या दिवशी पैसे बँकेत, दर १७०.

दुसरा: निम्मी आत्ता, निम्मी बारा दिवसांनी व्यापाऱ्याच्या सोयीने. चार लाख आगाऊ. पहिल्या तोडणीनंतर झाडावर उरलेल्या मालाचं पावसाने नुकसान झालं तर ते व्यापाऱ्याचं. दर १८०.

दहा रुपयांच्या फरकाने तुम्हाला ४५,००० जास्त मिळतात. पण लांबलेल्या नऊ टनांचं वजन पाच टक्के घटलं तर वीस हजार तिथेच गेले, बाकी पाणी, फवारणी, राखण. म्हणजे तुमच्या लेखी दोन्ही प्रस्ताव जवळपास सारखे. ते तसेच हवेत, नाहीतर जो तुम्हाला नको तोच तो उचलेल. त्याने दुसरा घेतला तर त्याच्याकडे सध्या माल तुंबलाय आणि त्याला वेळ हवाय, हे तुम्हाला न विचारता कळलं. पहिला घेतला तर गाडी भरायची घाई त्यालाच आहे. तुम्ही मात्र सोसायटीचं नावही काढलेलं नाही.

कुपवाड_जॉबवर्क
माझा अनुभव सांगतो, द्राक्षांचा नाही. एमआयडीसीत लेथचं जॉबवर्क करतो. एका मोठ्या गिऱ्हाइकाने दराची पूर्ण फोड मागितली. मटेरियल, मशीनचा तासाचा दर, नफा, सगळं. "तुमचा खर्च कमी करायला मदत करू" म्हणाले. फोड हातात पडल्यावर नफ्याच्या ओळीवर बोट ठेवलं आणि तीन टक्के कापले. मदत काही आली नाही. तेव्हापासून मी कोणालाच काही सांगत नाही.

विश्रामबागकर
@कुपवाड_जॉबवर्क तुमच्याकडून घेतली ती दुसऱ्या प्रकारची माहिती. एक विचारते: त्यांची ऑर्डर दर आठवड्याला थोडी थोडी येते का?

कुपवाड_जॉबवर्क
हो. आठवड्याला २०० नग. दर वेळी सेटिंगला तीन तास जातात.

विश्रामबागकर
मग महिन्याचे ८०० एकदम काढले तर बारा तासांचे तीन होतात. नऊ तास मशीन मोकळं. हे सांगायला नफा उघडा करावा लागत नाही, फक्त सेटिंगचा वेळ सांगावा लागतो. "महिन्याची ऑर्डर एकत्र दिलीत तर दर इतका कमी" एवढंच बोला. कुठल्या कारणाने खर्च वाढतो ते दाखवा, तुम्हाला किती उरतं ते दाखवू नका.

कुपवाड_जॉबवर्क
पटतंय. पण महिन्याचा माल ठेवायचा कोणाकडे, यावर पुन्हा भांडण होईल. विचारून बघतो.

जुना_खरेदीदार
ताईंचा हिशोब चांगला आहे, पण मला दोन गोष्टी खटकतात.

एक, दोन प्रस्तावांतूनही बातमी फुटते. जो चार लाख आगाऊ मागतो त्याला पैशाची गरज आहे, हे आम्हाला लगेच कळायचं. अनुभवी व्यापारी दोन्ही नाकारून "दुसऱ्यातली तोडणी आणि पहिल्यातला दर" असं जोडून मागतो.

दुसरी गोष्ट मोठी आहे. मधला एजंट गावातलाच असतो, त्याची दलाली व्यापारी देतो. सोसायटीत कोणाचं किती थकलंय, कोणाचं शेड ठरलंय, हे त्याला चहाच्या टपरीवर कळतं. तुम्ही जे झाकलंय असं समजता ते व्यापाऱ्याला आधीच ठाऊक असतं. मग झाकायचं काय आणि सांगायचं काय?

विश्रामबागकर
पहिल्यावर उत्तर आहे. जोडून मागितलं तर जोडूनच परत द्यायचं: "१७० ला लांबवायची असेल तर आगाऊ सहा लाख." एकेका मुद्द्यावर वेगळं बोलायला लागलात की हरलात. चार लाखांबद्दल तुमचं म्हणणं मान्य. पण पैसे बुडवून गेलेले व्यापारी या भागाने पाहिलेत, त्यामुळे आगाऊ मागणं हे इथे गरजेचं लक्षण नाही, सावधपणाचं आहे. कारण तेच सांगावं, आणि ते खरंही आहे.

एजंटबद्दल मात्र तुम्ही म्हणता ते बरोबर, आणि माझ्याकडे पूर्ण तोडगा नाही. एवढं सुचतं: अडचण त्याला कळणारच असेल तर तिच्याबरोबर शेड ठरल्याची आणि तारणाची बातमीही कळू द्या.

पलूसची_माती
म्हणजे शेवटी मोकळं बोलायचंच झालं ना!

विश्रामबागकर
थोडं थोडं, आणि दोन्हीकडून. तुम्ही एक गोष्ट सांगा, मग त्याला विचारा: माल कुठल्या बाजाराला चाललाय, टोळी कधी मोकळी आहे. त्याने उत्तर दिलं तर पुढची सांगा. टाळलं तर तिथेच थांबा. सगळं पहिल्या भेटीत ओतलं तर समोरचा कसा आहे ते कळायच्या आत हात रिकामे होतात.

@मणेराजुरी_बाग, एक खूण लक्षात ठेवा. दरावर भराभर चढणारा, पण पैशाची तारीख आणि आगाऊ रक्कम निघाली की विषय बदलणारा माणूस सोडून द्या. ज्याला द्यायचेच नाहीत त्याला १९० आणि २०० सारखेच.

सावळज_शिवार
हे वाचून आमच्या १८५ ची काळजी वाटायला लागली. आगाऊ काहीच घेतलेलं नाही. उद्याच जाऊन विचारतो.

मणेराजुरी_बाग
शेडवाल्याला फोन केला, २० तारखेनंतर जागा आहे म्हणाला, उद्या थोडे पैसे देऊन येतो. वडिलांना दोन प्रस्ताव वाचून दाखवले. आगाऊचं त्यांना पटलं, पावसाचं नुकसान व्यापारी अंगावर घेईल हे त्यांना खरं वाटत नाही.

अजून एक अडतंय. त्याने तोंडावर विचारलं, "सोसायटी भरायचीय काय?" तर? खोटं बोलायचं नाही मला.

जुना_खरेदीदार
"नाही" म्हणा. सगळे म्हणतात.

विश्रामबागकर
"नाही" म्हणू नका. एजंटकडून त्याला खरं कळलेलं असेल तर तुमचा पुढचा एकही शब्द तो धरणार नाही, मग पावसाची अटही गेली. "माझं देणं माझं मी बघतो, तुम्ही पैसे कधी देता ते बोला" एवढं पुरे.

जुना_खरेदीदार
असं उत्तर दिलं की आम्ही "हो" समजायचो.

विश्रामबागकर
समजू दे. शेड ठरलेलं असेल तर त्या "हो"चा त्याला दर पाडायला फारसा उपयोग नाही.