नमुना रँडम की गाव रँडम?

अर्धी_चाळण: एम.एस्सी. भाग २ ला आहे. डिझाइनवाले म्हणतात गावातल्या शेतकऱ्यांचं उत्पादन म्हणजे ठरलेले आकडे, रँडम फक्त निवड. सुपरपॉप्युलेशनवाले म्हणतात उत्पादनच रँडम. शेवटी दोघंही रेशो एस्टिमेटरच वापरतात. मग भांडण कशाचं, आणि स्टँडर्ड एरर नक्की कशाचा?

जुना_नमुनेदार: चारच शेतकऱ्यांचं गाव घ्या. सोयाबीन २, ४, ६ आणि ८ एकर, म्हणजे एकूण २० एकर. उत्पादन अनुक्रमे २२, ३८, ६३, ७७ क्विंटल. बेरीज २००, पण ती आपल्याला माहीत नाही असं धरा. एकर मात्र तलाठ्याकडून सगळ्यांचे मिळालेत. चिठ्ठ्या टाकून दोघं निवडायचे, म्हणजे नमुने सहाच होऊ शकतात.

साधा एस्टिमेटर म्हणजे दोघांच्या उत्पादनाची दुप्पट. सहा नमुन्यांत उत्तरं येतात १२०, १७०, १९८, २०२, २३०, २८०. सरासरी बरोब्बर २००. म्हणजे अनबायस्ड, पण पसारा केवढा! रेशोने, म्हणजे नमुन्यातलं एकरी उत्पादन गुणिले २०, केलं तर याच क्रमाने २००, २१२.५, १९८, २०२, १९१.७, २००. सरासरी २००.७ येते, थोडा बायस आहे. पण २०० पासूनच्या फरकांच्या वर्गांची सरासरी काढून वर्गमूळ घेतलं तर सव्वासहा क्विंटलच येतं, साध्या एस्टिमेटरचं ४९ येतं.

हा सव्वासहाचा आकडा डिझाइनवाल्याचा स्टँडर्ड एरर. (बायस इतका किरकोळ आहे की तो मी त्यातच धरलाय.) शेतकऱ्याचं पीक कसं आलं, पाऊस कसा झाला, याबद्दल आम्ही एक शब्द बोललेलो नाही. रँडमपणा आम्हीच चिठ्ठ्या टाकून आणला, म्हणून त्याची शक्यता आम्हाला नक्की माहीत आहे. नेमनने १९३४ साली हाच पाया घातला.

रेषेवरचा: आता माझी बाजू ऐका. समजा चिठ्ठीत २ आणि ४ एकरवाले आले. साधा एस्टिमेटर १२० सांगतो. नमुन्यात २० पैकी ६ एकरच आहेत, हे तुम्हाला दिसतंय. तरी तुम्ही म्हणणार, "काही हरकत नाही, सहाही नमुन्यांची सरासरी २०० येते." अहो, बाकीचे पाच नमुने निघालेच नाहीत. हातात आहे त्या नमुन्याबद्दल बोला ना!

आम्ही नमुना जसा आलाय तसा धरतो आणि न पाहिलेल्या शेतांचा अंदाज करतो. त्यासाठी एक गृहीतक लागतं: उत्पादन एकरांच्या प्रमाणात आणि शेत मोठं तशी चढउताराची व्हेरिअन्सही त्याच प्रमाणात. एवढं मानलं की रेशो एस्टिमेटर आपोआप सर्वोत्तम ठरतो. रॉयलने १९७० मध्ये हे मांडलं.

आणि खरी गंमत स्टँडर्ड एररमध्ये आहे. आमच्या हिशेबात २ आणि ४ एकरांचा नमुना आला तर एरर ६ आणि ८ एकरांच्या नमुन्याच्या सव्वादोन पटीहून जास्त. कारण उघड आहे: पहिल्यात १४ एकर न बघता सांगायचे, दुसऱ्यात सहाच. तुमचा एरर मात्र दोन्हीकडे सव्वासहाच. दोघांची गणितं इथे फुटतात, एस्टिमेटर एकच असला तरी.

म्हणून मी चिठ्ठ्या टाकणारच नाही. सरळ दोन मोठी शेतं घेईन.

चहा_आणि_डेटा: एवढं काय? सुपरपॉप्युलेशन म्हणजे अख्ख्या राज्यातले सगळे शेतकरी, आपलं गाव त्याचा तुकडा. आणि नमुना मोठा घेतला की दोन्ही पद्धती एकच उत्तर देतात. परीक्षेला एवढं पुरतं.

जुना_नमुनेदार: परीक्षेला पुरेल, पण पहिलं वाक्य चूक आहे. सुपरपॉप्युलेशन म्हणजे राज्य नव्हे. शेतकरी हेच चार आणि शेतंही हीच. फक्त समजायचं की यंदाचं पीक एकदा फेकलेल्या फाशासारखं आहे. पाऊस जरा उशिरा आला असता, कीड पडली असती, तर याच चार शेतांवर वेगळे आकडे आले असते. त्या न घडलेल्या आकड्यांसकट जे मनात धरतो ते सुपरपॉप्युलेशन. त्यात मोजायला जाता येत नाही.

दुसरं वाक्य अर्धं खरं आहे, आणि रेषेवरचे यांना उत्तर द्यायचंय ते तिथेच. एकर तेच ठेवा, उत्पादन बदला: २६, ४६, ६०, ६८. एकूण पुन्हा २००. इथे मोठ्या शेताचा उतारा कमी आहे, लहानाचा १३ तर मोठ्याचा साडेआठ. आता तुमची दोन मोठी शेतं घेतली तर उत्तर येतं १८३. सतरा क्विंटल कमी. दुसऱ्या कोणाला तशाच दोन शेतांवर पाठवलं, तरी १८३ च.

आणि हे तुम्हाला कळणार कसं? लहान शेत तुम्ही पाहिलंच नाही. एकरी दहा आणि साडेआठ हे दोन आकडे हातात असतील, आणि त्यावरून रेष मुळातून जाते की नाही हे कोणीच सांगू शकत नाही. चिठ्ठी टाकणाऱ्याला वाईट नमुना येऊ शकतो, पण त्याच्या सहा उत्तरांची सरासरी अजूनही २०५ च्या आत आहे.

मोठ्या नमुन्याचं म्हणाल तर शंभर गावांत शेकडो मोठी शेतं घ्या. स्टँडर्ड एरर आक्रसत जाईल, बायस जागच्या जागी राहील. म्हणजे चुकीच्या आकड्याभोवती अरुंद इंटर्व्हल. हॅन्सन, मॅडो आणि टेपिंग यांनी १९८३ मध्ये हेच दाखवलं: डेटाकडे बघून पकडता येणार नाही इतकी बारीक चूक मॉडेलमध्ये असली, तरी मोठ्या नमुन्यात इंटर्व्हल खऱ्या आकड्याला चुकवत राहतो.

रेषेवरचा: दोन मोठी शेतं घेण्याचा हट्ट सोडतो. रॉयलनेही नंतर तो धरून ठेवला नाही. १९७३ मध्ये हर्सनबरोबर त्याने संतुलित नमुना सांगितला: नमुन्याचे सरासरी एकर गावाच्या सरासरीइतके, म्हणजे इथे ५. तसे नमुने दोनच, २ आणि ८, किंवा ४ आणि ६. रेष मुळातून न जाता वरून सुरू होत असेल तर ते पूर्ण सांभाळून घेतात. तुमच्या वाकड्या गावात १८८ आणि २१२ देतात, कारण तिथे नुसती रेष सरकलेली नाही, वाकलेली आहे. मग एकरांचा वर्गही संतुलित करावा लागतो, आणि चार शेतांत ते जमत नाही. मोठ्या गावात जमतं.

पण चिठ्ठी पवित्र आहे असं समजू नका. बसूंचे हत्ती आठवा, १९७१. सर्कशीच्या पन्नास हत्तींचं एकूण वजन हवंय. मालक म्हणतो मधल्या मापाचा सांबो तोला आणि पन्नासने गुणा. सांख्यिकीवाला म्हणतो चिठ्ठी हवीच. सांबोला ९९/१०० शक्यता देतो, उरलेल्या ४९ जणांना प्रत्येकी १/४९००. अनबायस्ड उत्तराचं सूत्र म्हणजे वजन भागिले निवडीची शक्यता. सांबो निघाला, तर उत्तर सांबोच्या वजनाच्या जेमतेम एक पट! चुकून सगळ्यात मोठा जंबो निघाला असता, तर जंबोच्या ४९०० पट. बिचाऱ्याची नोकरी गेली.

जुना_नमुनेदार: नोकरी गेली ती वाईट डिझाइनमुळे. शक्यता अंदाजे वजनाच्या प्रमाणात दिल्या असत्या तर त्याच सूत्राने शहाणं उत्तर दिलं असतं.

रेषेवरचा: "वजनाच्या प्रमाणात" हे कुठून आलं? वजनाबद्दलचं मॉडेलच ना ते! तुम्ही ते डिझाइन करताना वापरता, मी अनुमानात वापरतो.

सातबारा_८अ: मला थिअरीतलं फार कळत नाही, पण पीक कापणी प्रयोगावर काम केलंय. सर्व्हे नंबर रँडम नंबरने निघतो. शेतात गेल्यावर नैर्ऋत्य कोपऱ्यापासून किती पावलं लांब, किती पावलं आत, तेही रँडम नंबरनेच. तिथे दोरी लावून ठरलेल्या मापाचा चौकोन कापायचा, मळायचा, तोलायचा. पुस्तकात सुंदर आहे.

एकदा आम्ही पोचलो तर निवडलेल्या शेतात सोयाबीन कापून गंजी लागलेली. शेतकरी म्हणाला, "साहेब, निरोपच आला नाही, पावसाचं वातावरण होतं." मजूर जमवलेले, वजनकाटा आणलेला. शेजारच्या गटात पीक उभं होतं, ते कापलं. कागदावर प्रयोग "रँडम" म्हणूनच गेला. हे डिझाइनमध्ये बसतं की मॉडेलमध्ये?

रेषेवरचा: शंभर टक्के मॉडेलमध्ये. शेजारचं शेत निवडलेल्या शेतासारखंच, असं तुम्ही मानलंत. फक्त लिहिलं नाहीत.

जुना_नमुनेदार: आणि ते मानणं धोक्याचं आहे. उभं राहिलेलं पीक बहुतेक उशिरा पेरलेलं. उशिराची पेरणी आणि उतारा यांचा संबंध असणारच. निवडीची शक्यता आता कोणालाच माहीत नाही, म्हणून माझं सूत्रही तिथे लंगडं आहे, हे मान्य. पण चार प्रयोगांपैकी तीन ठरल्याप्रमाणे झाले असतील, तर निदान कुठला आकडा संशयाचा हे कळतं. पेरणीची तारीख टिपली होती का?

सातबारा_८अ: नाही हो. फॉर्मवर रकाना असेल, पण कोणी विचारत नाही.

लॉगइन_विसरलो: माझा प्रश्न हाच आहे. सर्वेक्षणाच्या डेटावर रिग्रेशन करतोय, खर्चावर शिक्षणाचा परिणाम. गाइड म्हणतात वेट्स घाला, सहकारी म्हणते नको. डिझाइनवाले जिंकले तर घालू का?

रेषेवरचा: हा जरा वेगळा प्रश्न आहे. वर आपण एका ठरलेल्या गावाची बेरीज काढतोय, तुम्हाला मागची यंत्रणा हवी आहे. तिथे सुपरपॉप्युलेशन टाळताच येत नाही. दोन्ही तऱ्हेने करून बघा. कोइफिशंट बरेच हलले तर निवडीशी संबंध असलेला एखादा घटक तुमच्या मॉडेलमधून सुटलाय, असा संशय घ्या. कारण आधी तिथे शोधा, वेट्सचं नंतर.

अर्धी_चाळण: म्हणजे डिझाइनवाल्याचा एरर "पुन्हा चिठ्ठ्या टाकल्या तर", आणि मॉडेलवाल्याचा "हीच शेतं, पण पीक पुन्हा आलं तर". मग चिठ्ठ्या टाकूनच नमुना घ्यायचा आणि एस्टिमेटर मॉडेल बघून निवडायचा, असं दोन्ही नाही का करता येत? आणि डिझाइनच्या चौकटीत सर्वोत्तम एस्टिमेटर कोणता, हे कोणी सिद्ध केलंय का?

जुना_नमुनेदार: एररचं बरोबर पकडलंत. दोन्ही करता येतं, सार्नडाल आणि मंडळी तेच करतात: मॉडेल एस्टिमेटर सुचवतं, भरवसा चिठ्ठीचा. मॉडेल चुकलं तर एरर वाढतो, पण मोठ्या नमुन्यात उत्तर घसरत नाही. बहुतेक सरकारी पाहण्या याच वाटेने जातात.

सर्वोत्तमाचं उत्तर मात्र 'नाही' आहे, आणि ते दिलं मूळच्या पुण्याच्या विद्याधर गोडांबे यांनी, १९५५ मध्ये. रेषीय अनबायस्ड एस्टिमेटरांमध्ये प्रत्येक संभाव्य समष्टीसाठी सर्वांत कमी व्हेरिअन्सचा असा एकही नसतो, अगदी साध्या चिठ्ठ्यांच्या नमुन्यातही. कोणता चांगला हे ठरवायला आकड्यांबद्दल काहीतरी मानावंच लागतं.

रेषेवरचा: म्हणजे माझ्या दारात आलातच.

जुना_नमुनेदार: दारात आलोय, चप्पल काढलेली नाही. मला सांगा, ज्या मंडळात एकच प्रयोग झाला आणि तोही शेजारच्या शेतात, तिथला एरर तुम्ही किती सांगाल?

रेषेवरचा: आजूबाजूच्या मंडळांचा आणि पावसाचा आधार घेऊन मॉडेल बसवीन आणि एक आकडा सांगेन.

सातबारा_८अ: त्या आकड्यावर विम्याचे पैसे ठरतात, साहेब. आमच्याकडे एका मंडळाला मिळाले, बांधाला बांध लागून असलेल्या दुसऱ्याला नाही. त्या शेतकऱ्याला तुमचं मॉडेल कसं समजावू, ते लिहा.

रेषेवरचा: यावर विचार करून उद्या लिहितो.