आगाऊ पैसे घेऊन विक्रेता गायब: तक्रारीच्या मेलचे अनुभव

नुसतीच_वाचक
मेलबॉक्स साफ करताना जुना मेल सापडला आणि परत चिडचिड झाली. वापरलेली कॅमेऱ्याची लेन्स. "निम्मे आगाऊ द्या, उद्या पाठवतो." तो उद्या तीन आठवडे चालला, मग उत्तरंच बंद.
साइटच्या ग्राहक सेवेला पहिला मेल मी दीड पान लिहिला, निम्मा नुसता संताप. उत्तर आलं, 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.' बस्स. मग त्याच मेलवर, तोच तक्रार क्रमांक ठेवून, एवढंच लिहिलं:

"विषय: ऑर्डर क्रमांक अमुक, आगाऊ रक्कम घेतली, वस्तू पाठवली नाही, परतावा हवा.
या तारखेला पैसे दिले, व्यवहार क्रमांक हा. विक्रेत्याचं शेवटचं उत्तर या तारखेला. त्यानंतर तीनदा विचारलं, उत्तर नाही. पूर्ण रक्कम परत हवी. पावती आणि चॅटचे स्क्रीनशॉट सोबत."

चौथ्या दिवशी खऱ्या माणसाचं उत्तर! तुमचे अनुभव लिहा.

उंटावरचा_शहाणा
मेल कशाला, बँकेला सांगायचं. पैसे परत येतातच.

जुनी_खोड
येतातच असं नाही हो. कार्डाने दिले असतील तर बँकेत वाद दाखल करता येतो, त्यालाही मुदत असते. स्वतःच्या हाताने खात्यावर पाठवलेले पैसे बँक सहसा ओढून आणू शकत नाही.
आणि ते 'उद्या पाठवतो' साधं नसतं. साइटच्या खरेदी-संरक्षणाचे दिवस संपेपर्यंत तुम्हाला गोड बोलून थांबवायचं. ती तारीख आधी बघा आणि तिच्या आत तक्रार करा, बोलणं चालू असलं तरी.

मधली_सुट्टी
माझं उलटंच. मी विकणारी, घेणाराच गायब! पार्सल बांधून कोपऱ्यात, लेक त्यावर बसून अभ्यास करते 😄

नुसतीच_वाचक
@मधली_सुट्टी 😂 वेगळा धागा काढ बाई

भिडस्त
मी पैसे साइटबाहेर दिले होते, तो म्हणाला कमिशन वाचेल. मेलमध्ये ते लिहावं का? लिहिलं तर हात वर करतील.

जुनी_खोड
लिहा. चॅटमध्ये दिसणारच आहे, लपवलंत तर बाकीच्यावरही विश्वास बसणार नाही. परतावा बहुधा नाही मिळणार. पण 'त्याचं खातं बंद करा, नोंदी पोलिसांसाठी जपून ठेवा', एवढं तरी साइटकडे मागा.

उंटावरचा_शहाणा
मग लिहून उपयोग काय?

भिडस्त
अहो पण त्याचं खातंच उडालंय. चॅट उघडलं की कोरं. स्क्रीनशॉट काढायचं सुचलंच नाही तेव्हा 😞

रात्रपाळी
प्रत्येक मेसेजची सूचना मेलवर येते ना? त्यात मजकूर असतो बऱ्याचदा. स्पॅमपण बघा. आणि 'पैसे मिळवून देतो' म्हणून फोन आला तर ओटीपी देऊ नका, माझ्या भावाला दुसऱ्यांदा तसंच फसवलं.

भिडस्त
सापडले! सात मेल. खाते क्रमांक पाठवलेलापण आहे त्यात. जेवण उरकून मेल लिहितो.