परवान्याच्या रखडलेल्या नस्तीतील टिप्पण्यांची पाहणी मागावी का?

मंदार
मसाला कांडपयंत्राच्या व्यवसाय परवान्यासाठी मी मार्चमध्ये महानगरपालिकेकडे अर्ज केला. एप्रिलमध्ये जागेची पाहणी झाली आणि तेव्हापासून ‘प्रकरण प्रक्रियेत आहे’ एवढेच उत्तर मिळते. जन माहिती अधिकाऱ्यांना पाठवायच्या पत्राचा माझा मसुदा असा आहे: “माझा परवाना का अडवला, त्यास जबाबदार कोण, त्यांच्यावर कोणती कारवाई करणार, ही माहिती द्यावी. तसेच संपूर्ण नस्तीच्या प्रती द्याव्यात.” एवढे पुरेसे आहे, की टिप्पण्यांची प्रत्यक्ष पाहणी मागावी?

सुलभा
मंदार, पाहणीच मागा. अनेक वर्षे मी जन माहिती अधिकाऱ्याच्या टेबलाचे काम पाहिले आहे आणि तुमच्या मसुद्याला काय उत्तर जाईल हे मी आताच सांगू शकते: “आपली मागणी प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने माहितीच्या व्याख्येत बसत नाही.” हे उत्तर रुक्ष वाटले तरी त्याला आधार आहे. जे अभिलेखात आहे तेच अधिकाऱ्याने द्यायचे असते, नवे स्पष्टीकरण तयार करून द्यायचे नसते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये उत्तरपत्रिकांच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. ‘का अडवला’ याचे उत्तर कोणी लिहून देणार नाही. पण ते कारण कोणत्या तरी टेबलावर, कोणत्या तरी तारखेला टिप्पणीत उतरले असेल, तर ते पान पाहण्याचा तुम्हाला अधिकार आहे.

म्हणून मागणीच बदला. माहिती अधिकाराच्या अर्जाचा नमुना असलेल्या जोडपत्र ‘अ’ मध्ये माहितीच्या तपशिलाच्या रकान्यात असे लिहा: “माझ्या व्यवसाय परवाना अर्जाच्या (आवक क्रमांक व दिनांक) नस्तीतील टिप्पणी विभाग व पत्रव्यवहार विभाग यांची, तसेच ही नस्ती एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर केव्हा गेली हे दर्शविणाऱ्या नोंदींची, अर्ज दाखल झाल्यापासून पाहणीच्या दिवसापर्यंतच्या कालावधीसाठी प्रत्यक्ष पाहणी करू द्यावी. पाहणीनंतर मी निवडलेल्या पृष्ठांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात. पाहणीचा दिनांक, वेळ व ठिकाण कळवावे.” यापेक्षा अधिक काही लिहू नका. महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ पासून एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे, आणि कारवाईची मागणी जोडलीत की तो दुसरा विषय ठरवून अर्ज परत करायला निमित्त मिळते. माहिती कशासाठी हवी हेही सांगू नका, कायद्याने ते विचारता येत नाही.

दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. पाहणीच्या पहिल्या तासाला शुल्क नाही, पुढच्या प्रत्येक पंधरा मिनिटांना पाच रुपये लागतात आणि प्रतींना पानामागे दोन रुपये. संपूर्ण नस्तीच्या प्रती मागितल्या तर आधी पाने मोजली जातील, मग शुल्काचे पत्र येईल, आणि ते पत्र निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस तीस दिवसांच्या मुदतीत धरले जात नाहीत. पाहणीत हा फेरा वाचतो.

दत्तात्रय
सुलभाताई, मसुदा उत्तम आहे, पण मार्ग चुकीचा आहे असे माझे स्पष्ट मत आहे. मंदार यांना परवाना हवा आहे, नस्तीचा अभ्यास करायचा नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ हा नेमक्या अशा प्रकरणांसाठी आहे. ही सेवा महानगरपालिकेच्या अधिसूचित यादीत असेल, तर तिला दिवसांची मुदत ठरलेली असते, आणि मुदत उलटल्यावर प्रथम अपील अधिकारी सेवा देण्याचा आदेश देऊ शकतो. माहिती अधिकारात माहिती आयुक्तांपर्यंत गेलात तरी हाती कागदच येईल, परवाना नव्हे.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. लोकसेवा हक्काचे पहिले अपील मुदत संपल्यापासून तीस दिवसांत करायचे असते. माहिती अर्जालाही तीस दिवस, उत्तर न आल्यास तिथल्या पहिल्या अपिलाला आणखी तीस ते पंचेचाळीस दिवस. टिप्पण्या पाहायच्या नादात खऱ्या अपिलाची मुदत निघून जाते आणि मग उशीर माफ करा म्हणून विनवणी करावी लागते. एप्रिलपासून गप्प असलेल्या माणसाला टिप्पणी पाहायला सांगणे म्हणजे त्याचा आणखी एक महिना घालवणे आहे.

इरफान
मला वाटते दोघांच्याही आधी एक अडचण आहे. निर्णय होईपर्यंत टिप्पण्या देता येत नाहीत. आमच्याकडे एका बांधकाम परवानगीत “प्रकरण विचाराधीन असल्याने टिप्पण्या उघड करता येणार नाहीत” असे लेखी उत्तर आले होते. शिवाय टिप्पणी हा कार्यालयाचा अंतर्गत विचार असतो, तो ‘माहिती’ धरला जात नाही असे मी वाचले आहे.

सुलभा
इरफान, तुम्ही जे वाचले ते एकेकाळी शासनाचेच म्हणणे होते. कायदा २००५ साली आला तेव्हा केंद्राच्या कार्मिक विभागाच्या संकेतस्थळावर टिप्पण्या वगळल्याचे लिहिले होते. केंद्रीय माहिती आयोगाने जानेवारी २००६ मध्ये ते अमान्य केले, कारण कायद्यातील माहितीच्या व्याख्येत अभिप्राय आणि सल्ला हे शब्द आहेत आणि अभिलेखाच्या व्याख्येत नस्ती आहे. त्याच वर्षी टिप्पण्या कायद्यातून काढण्याच्या दुरुस्तीची हालचाल झाली, तिच्याविरुद्ध अण्णा हजारे आळंदीला उपोषणाला बसले आणि ती दुरुस्ती बारगळली. पुढे २००९ मध्ये कार्मिक विभागानेच कळवले की कलम ८ मधील सूट लागू नसेल तर टिप्पण्या द्याव्यात.

‘विचाराधीन’ या शब्दाचेही तसेच. निर्णय होईपर्यंत थांबण्याची अट मंत्रिमंडळाच्या कागदपत्रांना आहे. तपासाला किंवा आरोपींवरील खटल्याला अडथळा येत असेल तरीही नकार देता येतो. महानगरपालिकेच्या परवाना विभागाची नस्ती या दोन्हींत बसत नाही. नकार द्यायचा असेल तर कलम आणि त्यामागचे कारण लिहावे लागते, नुसते ‘विचाराधीन’ चालत नाही. तुम्ही त्या उत्तरावर अपील केले होते का?

इरफान
नाही केले. नंतर परवानगी मिळाली आणि विषय मागे पडला. पण मग निर्णयाआधीही पाहणी मिळते, हे मान्य.

वर्षा
माझे प्रकरण असेच आहे म्हणून लिहिते. माझा खाणावळीचा परवाना शेजाऱ्यांच्या तक्रारीमुळे नाकारला गेला. मी पाहणी मागितली, त्यांनी नस्ती दाखवली, पण तक्रारीची दोन पाने झाकून ठेवली. तक्रार कोणी केली हे मला कळायलाच हवे होते. मंदार, तुम्ही पत्रात तक्रारदारांची नावेही मागून घ्या.

सुलभा
वर्षाताई, तुम्हाला नकार मिळाला होता, म्हणजे तुमच्या हातात आव्हान देण्यासारखा आदेश होता. मंदार यांच्याकडे आदेशच नाही, आणि तक्रार आहे की नाही हेही त्यांना ठाऊक नाही. नावे मागितली की त्रयस्थ पक्षाला नोटीस देण्याचे कारण तयार होते आणि मुदत तीस दिवसांवरून चाळीसवर जाते. वैयक्तिक माहितीची सूटही २०२३ च्या विदा संरक्षण कायद्यातील दुरुस्तीने अधिक रुंद झाली आहे. काही भाग झाकून उरलेली नस्ती दाखवण्याची तरतूद कलम १० मध्ये आहे, त्यामुळे तुमच्याकडे जे झाले ते नियमबाह्य म्हणता येणार नाही. मात्र तक्रारीत काय म्हटले आहे आणि त्यावर कार्यालयाने काय अभिप्राय दिला, हा मजकूर झाकायला नको होता.

वि. म.
मी कार्यालयीन अधीक्षक म्हणून निवृत्त झालो आहे. टिप्पण्या उघड करण्याला माझा विरोध कायद्यापुरता नाही, कामकाजापुरता आहे. पूर्वी लिपिक मोकळेपणाने लिहीत असे की जागा अरुंद आहे, अग्निशमनाचा दाखला जुना आहे, परवाना देऊ नये. अर्जदार ही पाने वाचणार हे कळल्यापासून तो फक्त “आदेशार्थ सादर” एवढे लिहितो. वरिष्ठ “चर्चा करावी” असा शेरा मारतात, चर्चा तोंडी होते आणि कारण कागदावर येतच नाही. पाहणी मागणाऱ्यांनी ही किंमतही लक्षात घ्यावी.

सुलभा
साहेब, हे घडते हे मीही पाहिले आहे. पण मंदार यांच्यासाठी ती कोरी जागाच सर्वांत महत्त्वाची आहे. समजा, टिप्पणीवर लिपिकाची लघुस्वाक्षरी २२ एप्रिलची आहे, त्यावर ‘चर्चा करावी’ हा शेरा २५ एप्रिलचा आहे, आणि त्यानंतर एकही टिप्पणी नाही. मग कोणतीही त्रुटी नोंदवलेली नसताना प्रकरण थांबले आहे हे त्या पानावरूनच सिद्ध होते. याउलट २५ एप्रिलनंतर ‘अग्निशमन विभागाचा अभिप्राय मागवावा’ असे लिहिलेले असेल आणि पत्रव्यवहार विभागात त्या पत्राची स्थळप्रतच नसेल, तर पत्र गेलेलेच नाही आणि जावक नोंदवही पाहावी लागेल. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

मंदार, पाहणीच्या वेळी आधी पृष्ठक्रमांक पाहा. टिप्पणीची पाने आणि पत्रव्यवहाराची पाने वेगवेगळ्या क्रमांकांनी जातात. मधला क्रमांक गळला असेल किंवा खोडून पुन्हा घातला असेल, तर ते तिथेच लिहून घ्या. नस्ती ई-ऑफिसमध्ये असेल तर पडद्यावर दाखवायला सांगा. तिथे पिवळी टिप्पणी म्हणजे कच्चा मसुदा आणि हिरवी म्हणजे कायम झालेली, आणि पुढे पाठवल्याची तारीख-वेळ आपोआप उमटते. पेन्सिल न्या. २०१२ च्या नियमांप्रमाणे पाहणीला फक्त पेन्सिल नेता येते, पेन अधिकाऱ्याकडे ठेवावे लागते. निघताना काय पाहिले आणि काय दाखवले नाही, याची नोंद करून पोच घ्या.

दत्तात्रय
मोबाइलने छायाचित्र घेऊ देतात का? माझ्या अनुभवात एका कार्यालयाने घेऊ दिले, दुसऱ्याने अडवले.

सुलभा
यावर एकवाक्यता नाही. मी आधी लेखी विचारून घ्यायला सांगते, आणि नकार मिळाल्यास त्याच दिवशी प्रती मागायला.

वि. म.
दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळेत जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि स्थानिक संस्थांत अभिलेख अर्जाशिवाय पाहता येतात, असा २६ नोव्हेंबर २०१८ चा शासन निर्णय आहे. चालू नस्ती तिथे हातात देतीलच असे नाही, पण आवक-जावक नोंदवही पाहायला तीस दिवस थांबण्याची गरज नाही.

मंदार
सर्वांचे आभार. मुदतीची तपासणी केली. ही सेवा यादीत आहे आणि लोकसेवा हक्काच्या अपिलाचे अजून नऊ दिवस हातात आहेत. दत्तात्रय सरांचे म्हणणे मानून ते अपील याच आठवड्यात दाखल करतो, आणि सुलभाताईंच्या मजकुराप्रमाणे पाहणीचा अर्जही त्याच दिवशी देतो. एकच शंका आहे: अपील दाखल झाल्यावर नस्ती अपील अधिकाऱ्याकडे गेली, तर जन माहिती अधिकारी ‘नस्ती आमच्याकडे नाही’ म्हणू शकतील का?

सुलभा
म्हणतील, पण ते पुरेसे कारण नाही. नस्ती त्याच महानगरपालिकेच्या ताब्यात राहते. ज्याच्याकडे ती असेल त्या अधिकाऱ्याची मदत घेण्याची तरतूद कलम ५ मध्ये आहे, आणि मदत न करणारा अधिकारी त्या कलमापुरता स्वतःच जन माहिती अधिकारी मानला जातो.

दत्तात्रय
तरीही सुनावणीच्या तारखेला नस्ती अपील अधिकाऱ्यासमोर असेल, तेव्हा तिथेच पाहू द्यावी अशी लेखी विनंती करा. माहिती अर्जाचे उत्तर येण्याआधीच ती तारीख लागू शकते, म्हणून माझ्या मते अपिलाच्या अर्जातच हे एक वाक्य घालावे.