मदत हवी: धरणांचं ग्राफिक छापल्यावर अक्षरं भरून येतात

रात्रपाळी_नागपूर
उद्या हेच पान पुन्हा द्यायचं आहे, लवकर सांगा. विभागातल्या पाच धरणांच्या साठ्याचं अर्धं पान ग्राफिक लावलं. स्क्रीनवर एकदम साफ होतं. छापून आलं तर नावं वाचता येईनात, आकडेही जाड आणि फुगलेले. संपादक म्हणतात, नजर कुठून सुरू करायची तेच कळत नाही, वर जागाही वाया गेली. कोणता फाँट घेऊ?

फ्लेक्स_भाऊ
मुक्ता घ्या, सगळ्यात जाड वजनात. माझे बॅनर चौकातून वाचता येतात.

शिरोरेखा
थांबा, आधी माहिती द्या. अक्षर किती पॉइंटचं? दोन ओळींत अंतर किती? मागे कागद आहे की रंग? काळा रंग कुठून आला?

रात्रपाळी_नागपूर
नावं ७ पॉइंट, ओळ ८ वर. गडद निळ्या पट्टीवर पांढरी अक्षरं. आकडे काळे, खाली पांढरा कागद. ग्राफिक सहकाऱ्याने इलस्ट्रेटरमध्ये केलं, मी इनडिझाइनच्या पानात आणून ठेवलं. काळा तर काळाच असतो नं?

शिरोरेखा
नाही, आणि घोळ तिथेच आहे. फाइल आरजीबीत, म्हणजे स्क्रीनच्या रंगांत, केली असेल तर छपाईसाठी बदलताना काळा चारही शायांत वाटला जातो. इनडिझाइनमध्ये `Window > Output > Separations Preview` उघडा, `View` मध्ये `Separations` निवडा आणि माउस आकड्यावर न्या. फक्त काळ्यासमोर १०० आणि बाकी तिन्हींसमोर शून्य हवं.

निळ्या पट्टीचंही तसंच. ती दोन-तीन प्लेटांनी मिळून छापली जाते. मशीन भरधाव चालताना एखादी प्लेट केसभर सरकली तरी पांढऱ्या अक्षरात शाई घुसते. शिवाय वृत्तपत्राचा कागद शाई पितो आणि ती पसरते, त्यामुळे काळ्या अक्षरांत 'क', 'ष', 'भ' यांच्या आतल्या मोकळ्या जागा बुजतात. म्हणून जाड फाँट घेतला तर आणखी बिघडेल. फ्लेक्सभाऊ, तुमचं अक्षर वितीएवढं असतं, यांचं तांदळाच्या दाण्याएवढं आहे.

नावं पांढऱ्या कागदावर निव्वळ काळ्यात घ्या, मध्यम वजन, ९ पॉइंट आणि ओळ १२ वर. ७ वर ८ इंग्रजीला कसंबसं चालतं. आपल्याकडे 'गोसीखुर्द'च्या खाली 'तोतलाडोह' आलं की वरचा उकार खालच्या मात्रेला भिडतो.

जुना_खिळेजुळारी
शिशाच्या खिळ्यांच्या काळात दोन ओळींमध्ये पट्टी घालायचो, अंतर बोटांना कळायचं. उकार तुटलेला खिळा हाताला लागला की लगेच बाजूला काढायचो.

कॉलम_सेंटिमीटर
९ वर १२ करायला जागा कुठून आणणार? मी जाहिरात विभागात आहे. मोकळी जागा म्हणजे कुणीतरी विकू न शकलेली जागा. संपादकांचं बरोबर आहे.

शिरोरेखा
अर्धं बरोबर आहे. पाच सारख्या चौकटी आणि प्रत्येक दोनमध्ये फट ठेवली, तर ती जागा खरंच वाया जाते, कारण ती मधे अडकून पडते. चौकटींच्या रेघा काढून टाका आणि फटी गोळा करून सगळी मोकळी जागा एका मोठ्या आकड्याभोवती ठेवा. नागपूरचं बहुतेक पिण्याचं पाणी पेंच प्रकल्पातून येतं आणि तोतलाडोह त्याचंच धरण, म्हणजे शहराच्या वाचकासाठी बातमी तोतलाडोह आहे. तो आकडा ६० पॉइंट, बाकी चार १८. नजर कुठून सुरू करायची ते मग सांगावं लागत नाही. रात्रपाळी, साठा दाखवलाय कशाने?

रात्रपाळी_नागपूर
गोलांनी. जितके टक्के, तितके मिलिमीटर व्यास.

शिरोरेखा
मग चित्र खोटं बोलतंय. समजा एकात ८० टक्के आणि दुसऱ्यात २०, म्हणजे चौपट. तुमचे व्यास ८ सेंमी आणि २ सेंमी. पण डोळा क्षेत्रफळ बघतो आणि ते सोळापट होतं. मोठा ८ सेंमीचा असेल तर लहान ४ चा हवा. सरळ आडव्या पट्ट्या घ्या, सगळ्या शून्यापासून. जागाही कमी लागेल.

कॉलम_सेंटिमीटर
पट्ट्या काहून? निवडणुकीच्या निकालासारखं दिसेल. पाणी दिसायला हवं, व्यास सुधारून गोलच ठेवा.

शिरोरेखा
४२ आणि ४७ टक्क्यांतला फरक गोलांत ओळखून दाखवा.

फ्लेक्स_भाऊ
मुक्ताचं मध्यम वजनही चांगलं आहे, तेच सांगत होतो.

रात्रपाळी_नागपूर
आत्ता तपासलं. आकड्यांवर निळसर ७५, किरमिजी ६८, पिवळा ६७, काळा ९०.

शिरोरेखा
बेरीज ३००. वृत्तपत्राच्या कागदाला साधारण २४० च्या वर शाई झेपत नाही, ती वाळत नाही आणि समोरच्या पानावर उठते. मूळ फाइल सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शायांत, करून आकड्यांना निव्वळ काळा द्या आणि पुन्हा आणा.

रात्रपाळी_नागपूर
करून राहिलो आहे. नावं ९ वर १२ घेतली, निळी पट्टी काढली. गोल की पट्ट्या यावर डेस्कवरही दोन तट आहेत. प्लेट दीडला जाते, तोवर दोन्ही डमी संपादकांपुढे ठेवतो.