उत्तर: हातपायांची लांबी आणि हवा

> "हातपायांची लांबी जनुकांत ठरते, जळगावच्या उन्हाचा काय संबंध?"

जनुकांचा वाटा मोठा आहेच, पण हवेचा थेट परिणामही दिसलाय. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उंदरांची पिल्लं ७, २१ आणि २७ अंशांत वाढवली. उबेतल्यांचे पाय, कान, शेपटी लांब निघाली. मग पायाची कोवळी हाडं काढून बशीत वाढवली; तिथे रक्तपुरवठा नव्हता, तरी उबेत ती जास्त वाढली. म्हणजे थंडीत हातापायांतलं रक्त कमी होतं एवढंच कारण नाही, वाढीच्या टोकाच्या कूर्चेतल्या पेशीच गारव्यात कमी विभागतात.

तरी ही उंदरांची गोष्ट. आपल्या खानदेशात कुणाचे पाय आखूड दिसले, तर आधी लहानपणीचं खाणंपिणं विचारा. कुपोषणात धडापेक्षा पायांची वाढ जास्त खुंटते, आणि तो परिणाम उन्हाचा परिणाम सहज झाकून टाकतो.