शिरोबिंदूवरचे छेद: अर्धखुल्या कडांचा नियम

«त्रिकोण भरताना मधल्या एकाच ओळीवर रंग पार उजव्या काठापर्यंत पसरतो. बाकी ओळी बरोबर येतात. कुठे चुकतंय?»

त्या ओळीवर शिरोबिंदू असणार. समजा बिंदू (0,0), (8,4), (0,8) आहेत आणि y खाली वाढतो. y=4 वर तिन्ही कडा मोजल्या की छेद येतात 0, 8, 8. जोड्या लावल्यावर शेवटचा 8 एकटा उरतो आणि तिथून भरणं थांबतच नाही.

सारखे छेद दिसले की एक काढून टाकायचा, हा उपाय कृपया करू नका. (0,0) वर दोन्ही छेद हवेच असतात, एक काढलात तर तिथे संख्या विषम होईल. त्याऐवजी प्रत्येक कडेचं वरचं टोक धरा, खालचं सोडा:

```
y_min <= y < y_max
```

आता y=4 वर पहिली कड संपलेली असते, दुसरी सुरू होते; छेद उरतात 0 आणि 8. (0,0) वर दोन, (0,8) वर शून्य, म्हणजे सगळीकडे सम. आडव्या कडा एज टेबलमध्ये घालूच नका.

क्रमही महत्त्वाचा: आधी `y_max == y` झालेल्या कडा सक्रिय यादीतून काढा, मग नव्या घाला, मग x नुसार लावा. आकृतीची सर्वांत खालची ओळ कोरी राहते, ते बरोबरच आहे. खाली चिकटलेला बहुभुज ती रंगवतो.