विषाणूंचं 'विभाजन' होतं का? आणि 'अपहरण', 'यजमान' वगैरे

अनुराधा_प: एका भाषांतरित लेखाचं प्रूफ वाचतेय. त्यात वाक्य आहे, "विषाणू यजमान पेशीत शिरून तिचे अपहरण करतो व वेगाने विभाजित होतो." लगेच खालच्या परिच्छेदात जिवाणूंचं द्विविभाजन आहे, तिथेही 'विभाजित होतो'च. पहिलं 'विभाजित' मला खटकतंय पण नेमकं का ते सांगता येत नाहीये, आणि अपहरण तर सिनेमातलंच वाटतं. काय करावं?

टवाळ_बोरू: आधी यजमान काढा. यजमान म्हणजे बोलावून पाहुणचार करणारा, इथे पाहुणा दार फोडून घुसलाय. शिवाय आमची आजी आजोबांना यजमान म्हणायची, ती हा लेख वाचून दचकली असती.

शाळामास्तर: यजमान रूढ झालाय, त्याला हात लावू नका. विभाजितही चालेल असं माझं मत. दोन्हीकडे डीएनएची कॉपी होते, एकाचे दोन होतात, दोनाचे चार. जिवाणू बाहेर मोकळ्यावर दुभंगतो, विषाणू पेशीच्या आत जाऊन दुभंगतो, एवढाच फरक.

निशिगंध७: मला पण हाच प्रश्न पडलेला. मागच्या महिन्यात ताप होता, मी आपली घरात उरलेली अँटिबायोटिक घेत बसले तीन दिवस, मग डॉक्टर म्हणाले व्हायरल आहे, हिचा काही उपयोग नाही. दोघंही वाढतातच ना, मग एकाला औषध लागतं आणि दुसऱ्याला का नाही?

फेजवाला: मास्तर, अर्धं बरोबर आहे तुमचं. डीएनएची कॉपी दोन्हीकडे होते, पण विषाणू दुभंगत नाही, कुठेच नाही. मी बरीच वर्षं फेज म्हणजे जिवाणूंना लागणारे विषाणू हाताळलेत, त्यातलाच टी-फोर घेऊ, कारण त्याचं गिऱ्हाईक ई. कोलाय हा जिवाणूच आहे त्यामुळे दोन्ही गोष्टी एकाच नळीत बघता येतात.

ई. कोलायला ३७ अंशांवर चांगलं खाद्य दिलं की साधारण २० मिनिटांत एकाचे दोन, तासाभरात आठ. मधे कधीही मोजा, आकडा कमी होत नाही. आता दुसऱ्या नळीत प्रत्येक जिवाणूला एखादा फेज लागेल असं मिसळा आणि दहाव्या मिनिटाला थोडा नमुना काढून क्लोरोफॉर्म घालून पेशी फोडा, की आत काय आहे ते बाहेर यावं. मग तो जिवाणूंचा दाट थर वाढवलेल्या प्लेटवर टाका. जिथे एक फेज पडेल तिथे दुसऱ्या दिवशी थरात एक गोल पारदर्शक डाग दिसतो, त्याला प्लाक म्हणतात, डाग मोजले की फेज मोजले. तर दहाव्या मिनिटाच्या प्लेटवर जवळपास काहीच डाग नसतात. जो आत गेला तो एकसुद्धा सापडत नाही! मग पंचविसाव्या मिनिटाच्या सुमारास पेशी फुटते आणि एकेका पेशीतून शंभर-दीडशे बाहेर पडतात.

दुभंगणारी वस्तू एकाची दोन होईल, पण एकाची शून्य होऊन मग दीडशे कशी होईल? 'विभाजित' खटकतंय ते यामुळे.

शाळामास्तर: ते शून्य मला माहीत नव्हतं. पण गेला कुठे तो?

फेजवाला: सुटा झाला. टी-फोर पायांसारख्या तंतूंनी पेशीवर टेकतो, शेपटीचं आवरण आक्रसतं, आतली नळी पेशीच्या भिंतीतून आत जाते आणि डीएनए तेवढा आत सरकतो, रिकामं डोकं बाहेरच राहतं. १९५२ साली हर्शी आणि चेस यांनी याच कुळातल्या टी-टूवर हेच दाखवलं, डीएनएला किरणोत्सारी फॉस्फरस आणि प्रोटीनला किरणोत्सारी सल्फर लावून, मग मिश्रण चक्क ब्लेंडरमधे फिरवून बाहेर चिकटलेली टरफलं झटकली. फॉस्फरस बराचसा पेशींबरोबर राहिला, सल्फर बराचसा टरफलांबरोबर निघून गेला. नुसता उघडा डीएनए दुसऱ्या जिवाणूला लागू शकत नाही, म्हणून प्लेट कोरी.

पुढे काही विभागणी नाहीच. डोकी वेगळी बनतात, शेपट्या वेगळ्या, तंतू वेगळे, डोक्यात डीएनए ठासून भरला जातो आणि मग सगळं एकमेकांना जोडतं. शब्द हवा तर 'जुळणी' म्हणा.

बोरूभाऊ, दार फोडून पण नाही हो. फेज ज्या प्रोटीनवर टेकतो ते जिवाणूने बारीक रेणू आतबाहेर करायला स्वतःच ठेवलेलं भोक आहे. त्यातून फेज जात नाही, फक्त त्याला ओळखून धरतो.

टवाळ_बोरू: म्हणजे दारावरची पाटी वाचून बाजूच्या भिंतीतून सुई घातली. तरी यजमान नाहीच!

रेवती_जोशीळ: निशिगंधताई, तुमचं थोडक्यात: पेनिसिलिनसारखी औषधं जिवाणूची भिंत बांधू देत नाहीत, आणि दुभंगायचं तर नवी भिंत लागतेच. विषाणूला भिंतच नाही, त्याचं सगळं काम तुमच्याच पेशीच्या यंत्रणेवर चालतं, तिथे हे औषध काय अडवणार. आणि उरलेल्या गोळ्या घेत नका जाऊ.

अनुराधाताई, अपहरणाबद्दल. अपहरणात माणसाला पळवून दुसरीकडे नेतात. इथे पेशी जागेवरच असते, तिचं काम बदलतं. मी 'वेठीला धरतो' म्हणेन. वेठ म्हणजे बिनमोबदल्याचं, जबरीचं काम, आणि पेशीचे रायबोसोम नेमके तेच करतात.

फेजवाला: वेठ आवडला, कारण टी-फोर स्वतःचा एकही रायबोसोम आणत नाही, प्रोटीन बनवणारे कामगार पेशीचे, खर्ची पडणारी ऊर्जा पेशीची. पण तो त्याच्याही पुढे जातो. पेशीचा डीएनए कापतो आणि ते तुकडे स्वतःच्या प्रती काढायला वापरतो. स्वतःचा कापला जाऊ नये म्हणून स्वतःच्या डीएनएतलं एक अक्षर रासायनिकदृष्ट्या बदललेलं वापरतो. शेवटी भिंत विरघळवणारं एन्झाइम बनवून पेशी फोडतो. वेठीत माणूस निदान घरी परत जातो...

अनुराधा_प: मग 'ताबा घेतो' बरं? आणि द्विविभाजन की द्विखंडन? दोन्ही पाहिलेत.

शाळामास्तर: द्विविभाजन. खंडन म्हटलं की मुद्दा खोडून काढल्यासारखं वाटतं, शिवाय तुकडा पडल्याचा भास होतो. पेशी आधी दुप्पट लांब होते, डीएनएच्या दोन प्रती दोन बाजूंना जातात, मधोमध एक प्रोटीनचं कडं आवळतं. डीएनए पूर्ण झाला की मगच पुढचं सुरू, एवढं तरी मी बरोबर सांगतोय ना?

फेजवाला: कडं बरोबर. पण पूर्ण कॉपी व्हायला सुमारे ४० मिनिटं लागतात आणि पेशी २० मिनिटांत दुभंगते, मग कसं जमतं? पहिली कॉपी संपायच्या आतच पुढची सुरू झालेली असते, जन्मालाच ती अर्धवट कॉपी घेऊन येते.

अनुराधा_प: मी असं केलंय: "विषाणू आपला डीएनए पेशीत टोचतो, तिच्या यंत्रणेचा ताबा घेतो आणि तिच्याकडून आपले सुटे भाग घडवून घेऊन नवे विषाणू जुळवतो." यजमान पुढच्या वाक्यात ढकललाय, सॉरी बोरू.

रेवती_जोशीळ: लेख फेजवरच असेल तर ठीक. फ्लूचा विषाणू टोचत नाही, पेशीच त्याला पडद्याच्या थैलीत गुंडाळून आत ओढते, मग थैली आम्लधर्मी झाली की त्याचं आवरण थैलीच्या पडद्यात मिसळतं आणि आतला ऐवज सुटतो. शिवाय तिथे डीएनए नाही, आरएनए असतो. तिथे 'शिरतो'च योग्य. लेखात कुठला विषाणू आहे?

अनुराधा_प: तेच तर, लेखात नाव नाहीये. चित्र मात्र पायवाल्याचं आहे आणि खाली लिहिलंय सर्दीचा विषाणू.

फेजवाला: मग आधी चित्र बदलायला सांगा.